व्ह्यूज ४८ हजार, माणसं किती?

मुंबईतल्या हौशी नाट्यसंस्था हल्ली स्पर्धेतली एकांकिका चित्रित करून ऑनलाइन ठेवतात. पुढच्या प्रयोगासाठी प्रायोजकाकडे गेलं की तो पहिला प्रश्न विचारतो, "किती लोकांनी पाहिली?" उत्तरादाखल व्ह्यूजचा आकडा पुढे केला जातो. तो आकडा खोटा नसतो, फक्त तो दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर असतो. व्हिडिओ किती वेळा चालला ते काउंटर सांगतो. नाटकात काम केलेल्या मुलीची आई तो वीस वेळा लावते, दिग्दर्शक चुका शोधायला दहा वेळा लावतो, आणि बहुतेक वेळी आकडा एकाने वाढतो.

नुसत्या व्ह्यूजवरून माणसं काढता येत नाहीत. ४८,००० व्ह्यूजमागे ४०,००० माणसं असू शकतात किंवा ४,०००सुद्धा. जोडीला दुसरी कुठली तरी माहिती लागतेच. ती कशी मिळवायची आणि मिळाल्यावर तिचं काय करायचं, हा प्रश्न व्हिडिओपेक्षा बराच जुना आहे.

त्याचा एक धागा १९३४ सालापर्यंत मागे जातो. आनुवंशिक दोष कुटुंबांमध्ये किती प्रमाणात उतरतात हे मोजणाऱ्यांची एक अडचण होती. अशी कुटुंबं सापडायची ती दोष असलेल्या मुलामार्फत. ज्या घरात अशी दोन-तीन मुलं असत, ते घर अभ्यासकाच्या नजरेला पडण्याची शक्यताही तितकी जास्त. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी त्या वर्षीच्या निबंधात हे नीट मांडलं: माहिती कोणत्या वाटेने हाती आली, हे हिशेबात धरल्याशिवाय प्रमाण काढू नये. फिशर यांच्याकडेच केंब्रिजला पीएचडी केलेल्या सी. आर. राव यांनी १९६५ मध्ये या विचाराला सर्वसाधारण गणिती रूप दिलं. त्यांचं एक उदाहरण अगदी आपल्या घरातलं आहे. कॉलेजातल्या मुलग्यांना विचारायचं, 'तुझ्यासकट तुम्ही भाऊ किती आणि बहिणी किती?' सगळ्यांची उत्तरं एकत्र केली की समाजात मुलगेच फार जास्त असल्याचं दिसतं. कारण उघड आहे. ज्या घरात मुलगे जास्त, त्या घरातला कोणीतरी वर्गात भेटण्याची शक्यता जास्त, आणि ज्या घरात सगळ्या मुलीच, ते घर या पाहणीत कधी येणारच नाही.

लोकलमध्ये उभं राहून प्रवाशांना 'तुमचा डबा किती भरलाय?' असं विचारलं तरी हेच होतं. भरलेल्या डब्यात उत्तरं देणारेच जास्त, त्यामुळे सरासरी नेहमी गर्दीकडे झुकते. व्हिडिओ चालू असताना पडद्यावर प्रश्न विचारला तर वारंवार बघणारा त्यात वारंवार सापडतो.

यावरचा इलाज जाहिरात आणि वाचकपाहणीच्या धंद्यात तयार झाला. घरोघरी मुलाखती घेणाऱ्यांना संध्याकाळी घरी असलेलीच माणसं भेटत, बाहेर फिरणारी सुटून जात. एच. ओ. हार्टली यांनी १९४६ मध्ये एक उपाय सुचवला, आणि १९४९ मध्ये अमेरिकेत आल्फ्रेड पॉलिट्झ आणि विलार्ड सिमन्स यांनी तो पद्धत म्हणून मांडला. जो भेटेल त्याला विचारायचं: मागच्या पाच संध्याकाळी याच वेळी तुम्ही किती दिवस घरी होतात? पाचही दिवस घरी असेल तर आजचा धरून सहापैकी सहा, म्हणून त्याचं उत्तर एकदाच मोजायचं. एकही दिवस घरी नसेल तर सहापैकी एक, म्हणून त्याचं उत्तर सहापट मोजायचं. जो जितका सहज सापडतो, त्याचा भार तितका कमी. याच पॉलिट्झ यांनी १९५० मध्ये 'लाइफ' साप्ताहिकाच्या लागोपाठच्या अंकांना मिळून एकूण किती वेगवेगळे वाचक लाभतात, याचीही पाहणी केली.

आता हा हिशेब एका एकांकिकेवर लावून बघू. आकडे मी पद्धत कळावी म्हणून घेतले आहेत. समजा, व्हिडिओ ठेवल्यापासून पहिल्या महिन्यात ४८,००० व्ह्यूज झाले. त्यातले २०० व्ह्यूज चिठ्ठ्या टाकून निवडावेत तसे निवडले, आणि महिना संपल्यावर त्या-त्या प्रेक्षकाला विचारलं की या महिन्यात एकूण किती वेळा पाहिलंत. ६० जण म्हणाले एकदा, ५० म्हणाले दोनदा, ४० म्हणाले चारदा, ३० म्हणाले पाचदा आणि २० म्हणाले दहा वेळा.

इथे हमखास घसरगुंडी होते. सगळ्या उत्तरांची बेरीज ६७०, भागिले २००, म्हणजे सरासरी ३.३५. मग ४८,००० भागिले ३.३५ केलं की १४,३०० च्या आसपास माणसं येतात. वरवर चोख वाटणारा हा हिशेब चुकीचा आहे, कारण दहा वेळा बघणारा या यादीत येण्याची शक्यता एकदाच बघणाऱ्याच्या दहापट होती.

बरोबर रीत अशी: प्रत्येक उत्तराचा व्यस्त घ्यायचा. एकदा बघणाऱ्याचा भार १, दोनदा बघणाऱ्याचा अर्धा, दहा वेळा बघणाऱ्याचा एक दशांश. मग बेरीज होते ६० + २५ + १० + ६ + २ = १०३. २०० व्ह्यूजमागे १०३ माणसं, म्हणून ४८,००० मागे २४,७२०. माणशी सरासरी दोनदासुद्धा पाहिलेलं नाही. चुकीच्या रीतीने दहा हजारांवर माणसं हिशेबातून गळत होती.

या पद्धतीत मला सर्वांत आवडतं ते हे, की जिथे माणसाची आठवण कच्ची असते तिथे तिचं फार नुकसान होत नाही. दहा की बारा वेळा पाहिलं, हे कुणाला नक्की आठवत नाही. पण एक दशांश आणि एक बारांश यांत फरक किरकोळ आहे. गणपतीत एखाद्या मंडळाच्या पडद्यावर आरतीचा व्हिडिओ दिवसभर फिरत राहिला आणि त्या एका पडद्यावरून तीनशे व्ह्यूज आले, तरी नमुन्यात तो येईल तेव्हा त्याचा भार एक तीनशेअंश एवढाच राहील. खरी जोखीम एक आणि दोन यांच्यामध्ये आहे. 'एकदाच' म्हणणाऱ्या ६० जणांपैकी २० जणांनी प्रत्यक्षात दोनदा पाहिलं असेल, तर बेरीज १०३ वरून ९३ वर येते आणि माणसं २२,३२० वर. म्हणून पाहणी करणाऱ्याने 'एकदाच' या उत्तरावर थोडं रेंगाळून पुन्हा विचारावं. मोबाइलवर अर्धवट पाहून रात्री टीव्हीवर पूर्ण केलं, असं निघालं तर काउंटरवर ते दोनदा पडलेलं असतं.

ताळा करायलाही एक सोपी वाट आहे. प्रत्येक प्रेक्षकाची पहिली खेप एकच असते. तेव्हा एकूण व्ह्यूजपैकी 'पहिल्यांदाच बघतोय' असे जितके, तितकीच माणसं. व्हिडिओ सुरू होताना निवडलेल्या व्ह्यूजना फक्त 'याआधी हा पाहिलाय का?' एवढंच विचारलं, तर वरच्या उदाहरणात २०० पैकी सुमारे १०३ जणांनी 'नाही' म्हणायला हवं. दोन्ही वाटांनी आलेले आकडे जवळपास असतील तर निर्धास्त राहावं. पार वेगळे आले तर नमुना निवडण्यात गडबड आहे. बहुतेकदा ती वेळेची असते. पहिल्या आठवड्यात जवळपास सगळेच नवे असतात आणि शेवटच्या आठवड्यात जुनेच परतून येतात, म्हणून प्रश्न महिनाभर, रोजच्या व्ह्यूजच्या प्रमाणात विचारला गेला पाहिजे. शिवाय २०० च्या नमुन्यात चुकभूल राहतेच. या उदाहरणात ती पहिल्या रीतीने अंदाजे २,३०० इकडेतिकडे आहे आणि ताळ्याच्या रीतीने ३,४००. प्रायोजकाला २४,७२० असं छातीठोक सांगण्यापेक्षा '२२ ते २७ हजार' म्हणणं खरं.

कुणाला विचारायची सोयच नसेल तेव्हा लोक तयार सूत्राकडे वळतात. तेही जुनंच. फ्रान्समधल्या आगोस्तिनी यांनी १९६१ मध्ये अनेक नियतकालिकांचे मिळून वेगळे वाचक काढण्याचं सूत्र दिलं. फ्रेंच नियतकालिकांच्या आकड्यांवरून त्यांनी त्यात १.१२५ हा स्थिरांक बसवला होता. तो दुसऱ्या देशात, दुसऱ्या माध्यमाला जसाच्या तसा बसेल याची हमी सूत्रात नाही. संख्याशास्त्रज्ञ अँड्र्यू एरेनबर्ग यांची वाट जास्त पायाशुद्ध होती. एकच वस्तू माणसं किती वेळा विकत घेतात, याचं वाटप ऋण द्विपदी वितरणाने चांगलं जुळतं, असं त्यांनी १९५९ मध्ये दाखवलं. थोडे लोक खूपदा, पुष्कळ लोक एकदाच, आणि बरेचसे कधीच नाही, असा त्याचा आकार. मात्र त्यालाही नुसती सरासरी पुरत नाही. अजिबात न घेणारे किती, हेही लागतं. म्हणजे कुणाला तरी विचारणं आलंच.

आज मोठे व्हिडिओ मंच स्वतःच वेगळ्या प्रेक्षकांचा आकडा दाखवतात. तो अंदाज असतो, आणि त्याच्या मुळाशी खाती, उपकरणं आणि ब्राउझर असतात. लॉग इन न करता ऑफिसच्या कॉम्प्युटरवर आणि घरी मोबाइलवर पाहिलं तर एकाचे दोन होऊ शकतात. हा आकडा वापरताना एक चूक सर्रास होते. सोमवारचे वेगळे प्रेक्षक आणि मंगळवारचे वेगळे प्रेक्षक यांची बेरीज करून दोन दिवसांचे प्रेक्षक म्हणून सांगतात. दोन्ही दिवशी आलेला माणूस त्यात दोनदा येतो.

उलट्या दिशेची चूक घराघरात होते. चाळीतल्या एका खोलीत टीव्हीवर एकांकिका लावली आणि समोर पाच जण बसले, तरी काउंटरला एकच व्ह्यू दिसतो. टीव्हीच्या मोजणीत याची सोय आहे. मुंबईत मुख्यालय असलेली ब्रॉडकास्ट ऑडियन्स रिसर्च कौन्सिल, म्हणजे टीव्ही प्रेक्षक मोजणारी बार्क, २०१५ पासून जे आकडे देते, त्यासाठी निवडलेल्या घरांमध्ये मीटर बसवलेले असतात आणि घरातल्या प्रत्येकाला रिमोटवर स्वतःचं बटण असतं. त्यामुळे कोण किती वेळा समोर होतं, हे माणसागणिक कळतं. नाट्यसंस्थेला मीटर परवडणारा नाही, पण तिच्या प्रश्नावलीत आणखी एक ओळ मावते. सुरुवातीच्या प्रश्नाचं रूप जरा बदलायचं: 'आत्ता पडद्यासमोर किती जण आहात, आणि त्यांतले किती जण हे पहिल्यांदा बघताय?' २०० निवडलेल्या व्ह्यूजमध्ये पहिल्यांदा बघणारे मिळून समजा १६० निघाले, तर १६० भागिले २०० गुणिले ४८,०००, म्हणजे ३८,४०० माणसं. आधीचा २४,७२० हा आकडा व्हिडिओ लावणाऱ्यांचा होता, हा समोर बसलेल्या सगळ्या माणसांचा. प्रायोजकाला देण्याच्या कागदावर दोन्ही वेगळे लिहावेत, आणि कोणता कशाचा तेही शेजारीच लिहावं.