ओडी म्हणजे दिवसातून एकदा की उजवा डोळा? डॉक्टरांच्या लघुरूपांची पार्श्वभूमी

ठाण्यातल्या कुठल्याही औषधाच्या दुकानात ‘ओडी’ लिहिलेली चिठ्ठी दिली, की दुकानदार ‘रोज एकदा’ असं सांगून गोळ्या कापून देतो. ती चिठ्ठी अमेरिकेतल्या नेत्रतज्ज्ञाने वाचली, तर त्याला आधी उजवा डोळा आठवेल. दोघांचंही बरोबर आहे. डॉक्टरांच्या टिपणांतली लघुरूपं उलगडून स्वच्छ प्रत करण्याच्या कामातली मुख्य अडचण हीच आहे, आणि ती जुनी आहे.

युरोपात औषधाची चिठ्ठी लॅटिनमध्ये लिहायचे. ‘ओम्नी डाए’ म्हणजे दररोज. त्याचं ओडी झालं. दिवसातून दोनदाचं बीडी आणि तीनदाचं टीडीएस झालं. मुंबईत 1845 साली ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं आणि ही ब्रिटिश पद्धत आपल्या डॉक्टरांच्या हाती आली. अमेरिकेत ‘दररोज’साठी दुसऱ्या लॅटिन शब्दांवरून क्यूडी रूढ झालं. तिथे ओडी हे ‘ऑक्युलस डेक्स्टर’, म्हणजे उजव्या डोळ्यासाठी वापरतात.

नव्वदच्या दशकात अमेरिकी डॉक्टरांची ध्वनिमुद्रित टिपणं भारतात टंकनासाठी येऊ लागली. नवी मुंबईतही हे काम आलं. ते करणाऱ्याला दोन्ही सवयी डोक्यात ठेवाव्या लागतात. म्हणून लघुरूपांचा तक्ता एकच असून भागत नाही. टीप कोणत्या देशातल्या आणि कोणत्या विभागातल्या डॉक्टरांची आहे, त्यावरून तक्ता ठरतो.

अमेरिकेतल्या जॉइंट कमिशन या रुग्णालय-मूल्यांकन संस्थेने 2001 साली लघुरूपांच्या धोक्याची सूचना काढली आणि 2004 मध्ये वापरू नयेत अशा लघुरूपांची यादी दिली. यादी छोटी आहे, पण प्रत्येक नोंदीमागे ठोस कारण आहे. युनिटसाठीचा ‘यू’ हाताने लिहिला की शून्यासारखा दिसतो आणि सहाचे साठ होतात. क्यूडीमधला ठिपका आय समजला गेला, तर रोज एकदाचं दिवसातून चारदा होतं. एमएस म्हणजे मॉर्फिन सल्फेटही आणि मॅग्नेशियम सल्फेटही. पूर्णांकानंतरचा दशांश शून्य नको, कारण 1.0 मधला ठिपका पुसट झाला तर 10 वाचलं जातं. 0.5 मधलं आधीचं शून्य मात्र हवंच. भारतात 2016 साली वैद्यक परिषदेने नियमात बदल करून औषधं जेनेरिक नावाने, सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहायला सांगितलं. अक्षर सुवाच्य झालं, तरी ओडीचा अर्थ ठरत नाही.

वॉर्डातली अशी एक टीप उदाहरणादाखल घेऊ:

```
62/F, k/c/o HTN. X-ray s/o RLZ consolidation. r/o TB.
T. Telmisartan 40 OD. Inj. Insulin R 6U SC before meals.
Timolol 0.5% 1 drop OD BD. D/C Amlodipine.
```

पहिल्या ओळीतला k/c/o म्हणजे ‘ज्ञात रुग्ण’, इथे HTN चा, म्हणजे उच्च रक्तदाबाचा. k/c/o लिहिणं ही आपल्याकडची पद्धत आहे. s/o म्हणजे ‘सूचित करणारे’. इथे ‘उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात घनता आहे’ असं लिहिलं, तर डॉक्टरांची शंका निदान होऊन बसते. r/o सर्वांत घातक. तो ‘रूल आउट’, म्हणजे क्षयरोग नाही ना, हे तपासायचं आहे. घाईत ‘रूल्ड आउट’ केलं, तर ‘क्षयरोग नाही’ असा उलटा अर्थ होतो आणि थुंकीची तपासणी राहून जाते.

टेल्मिसार्टन गोळीपुढचा OD म्हणजे दिवसातून एकदा. ‘40’पुढे एकक नाही. ते मिलिग्रॅम असणार हे कळतं, पण लघुरूप उलगडणं वेगळं आणि न लिहिलेलं घालणं वेगळं. खूण करून विचारावं. 6U चं ‘6 units’ करताना आकडा आणि शब्दामध्ये जागा सोडावी.

तिसऱ्या ओळीत OD आणि BD शेजारी आले आहेत. एकच थेंब रोज एकदाही आणि दोनदाही देता येत नाही, म्हणून इथे OD हा उजवा डोळा असण्याची शक्यता मोठी. तरी याच डॉक्टरांनी वरच्या ओळीत तो ‘एकदा’ या अर्थाने वापरला आहे. शिवाय चुकलाच तर थेंब भलत्या डोळ्यात जाईल, म्हणून नेत्रविभागाचा कागद पाहावा किंवा विचारावं. D/C चे दोन अर्थ आहेत, ‘बंद करा’ आणि ‘घरी पाठवताना’. एक घेतला तर रक्तदाबाची गोळी थांबते, दुसरा घेतला तर चालू राहते. टिपणातून हे ठरत नाही, म्हणून तिथे मूळ अक्षरंच ठेवून शंकेची खूण करावी:

```
D/C [?: discontinue / discharge] Amlodipine
```

खूण केलेली प्रत डॉक्टरांकडे परत जाते. मूळ कागदाची प्रत तिच्यासोबत जोडलेलीच राहायला हवी. मग अर्थ लावताना चूक झाली असली, तरी ती कुठे झाली हे पुढच्या वाचकाला दिसतं.