डिस्चार्ज कार्डवर नसलेली गोळी

सासऱ्यांना २८ जूनला घरी सोडलं. डिस्चार्ज कार्डाचा फोटो फॅमिली ग्रुपवर आला आणि औषधं द्यायचं काम सुनेकडे. उदाहरण काल्पनिक आहे, पण हृदयाच्या पेशंटच्या कार्डावर असाच मजकूर सापडतो.

सुरुवातीला निदान. 'के/सी/ओ' म्हणजे आजार आधीपासून आहे. त्यापुढचं 'टी२डीएम' म्हणजे मधुमेह, 'एचटीएन' म्हणजे उच्च रक्तदाब. 'एडीएचएफ' हे या वेळी अ‍ॅडमिट करण्याचं कारण: हृदयाचं पंपिंग कमी पडून अंगात, फुप्फुसात पाणी साचलं. शेजारी 'एलव्हीईएफ ३०%' दिसलं की घरचे हबकतात. डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी दर ठोक्याला किती बाहेर पडतं, त्याचा हा आकडा. निरोगी हृदयातही तो साधारण ५५ ते ७० असतो, १०० कधीच नसतो. तीस कमी आहेच, पण त्याची तुलना शंभराशी करायची नाही.

खरी गफलत औषधांत होते. कार्डावर नवी गोळी आहे सॅक्युबिट्रिल-व्हालसार्टन, सकाळ-संध्याकाळ. घरच्या डब्यात बीपीची जुनी टेल्मिसार्टन पडून आहे आणि तिच्याबद्दल कार्डावर अवाक्षर नाही. बंद केलेलं औषध यादीतून नुसतं गायब होतं. 'बंद' असं लिहायची तसदी बऱ्याचदा कोणी घेत नाही. मग घरचे 'बीपीची गोळी चुकवू नये' म्हणून दोन्ही देतात. ब्रँडची नावं वेगळी असल्यामुळे शंकाही येत नाही. म्हणून स्ट्रिपवर बारीक अक्षरातलं मूळ नाव वाचावं. दोन्हींच्या शेवटी 'सार्टन' आहे, म्हणजे एकाच गटाची औषधं दुप्पट झाली. त्यानं बीपी फार उतरू शकतं, मूत्रपिंडावर ताण येतो आणि रक्तातलं पोटॅशियम चढतं. यादीत स्पायरोनोलॅक्टोनही असेल तर पोटॅशियम आणखी वाढतं, आणि फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. पुढचा डोस द्यायच्या आधी वॉर्डला किंवा डॉक्टरांना फोन करून विचारावं: "जुनी टेल्मिसार्टन बंद ना?"

याच पोटॅशियमसाठी कार्डाच्या तळाशी एक ओळ असते: 'आर/ए १/५२, आरएफटी, एनए/के'. म्हणजे एका आठवड्यानं, ५ जुलैच्या सुमारास, मूत्रपिंडाची आणि सोडियम-पोटॅशियमची तपासणी करून परत दाखवायला या. छेदात ५२ असेल तर आठवडे, १२ असेल तर महिने, ७ असेल तर दिवस. अँटिबायोटिकपुढचं '५/७' म्हणजे पाच दिवस. ५ जुलैपर्यंत नव्हे.

फोटोत नेमकी ही तळाची ओळच कापली जाते, किंवा कार्डाच्या मागच्या बाजूला राहून जाते. स्पायरोनोलॅक्टोनच्या १२.५ मधला टिंबही पुसट फोटोत दिसेनासा होतो आणि १२५ वाचलं जातं. स्ट्रिपवर २५ आणि कार्डावर अर्धी गोळी असेल, तर हिशेब १२.५ चाच लागतो. तो जुळत नसेल तर मूळ कागद हातात असलेल्याला चारही कोपरे दिसतील असा, दोन्ही बाजूंचा नवा फोटो पाठवायला सांगावं.