सामायिक वाय-फाय: कोण सहभागी होऊ शकतो, कागद कोणते आणि वर्गणी किती

सर्व सदनिकाधारक आणि भाडेकरू यांना कळविण्यात येते की, आपल्या इमारतीतील आठपैकी सहा घरांनी एकच इंटरनेट जोडणी घेण्याची तयारी दाखवली आहे. हा विषय येत्या विशेष सर्वसाधारण सभेत ठरावासाठी येईल. त्याआधी अर्ज, कागदपत्रे आणि पैशांचा हिशेब वाचून घ्यावा.

जोडणी सोसायटीच्या नावावर, व्यावसायिक प्लॅनमध्ये असेल. एका सभासदाच्या नावावर स्वस्तातला घरगुती प्लॅन घेऊन तो सगळ्यांना वाटावा, अशी सूचना आली होती. पण घरगुती जोडणी शेजाऱ्यांना देणे बहुतेक कंपन्यांच्या अटींत बसत नाही, आणि पैसे घेऊन इंटरनेट पुरवणे हा परवान्याचा विषय आहे. सोसायटी नफा घेणार नाही, तरी तेवढ्याने प्रश्न सुटत नाही. म्हणून सभासदांच्या घरांत जोडणी नेण्यास कंपनीचा लेखी होकार आल्यावरच पैसे भरले जातील. तोंडी ‘हो हो, चालतं सर’ यावर कुणी विसंबू नये. कंपनीला सोसायटीचे नोंदणी प्रमाणपत्र, पॅन, सभेच्या ठरावाची प्रत आणि सही करणाऱ्या पदाधिकाऱ्याचे ओळखपत्र द्यावे लागेल. ते काम समिती करेल.

सदनिकाधारकाने अर्जासोबत ओळखपत्राची प्रत आणि पहिल्या वर्गणीचा चेक द्यावा. भाडेकरूही अर्ज करू शकतात. त्यांनी नोंदणीकृत भाडेकरार जोडावा आणि घरमालकाचे संमतिपत्र द्यावे. भाडेकरू थकबाकी ठेवून गेला तर ती मालकाकडून घेतली जाईल, हे त्या पत्रात स्पष्ट लिहिलेले हवे. देखभाल खर्च थकवलेल्यांचे अर्ज थकबाकी भरल्यावर विचारात घेतले जातील.

आता वर्गणी. समजा महिन्याचे भाडे १,५२५ रुपये आहे. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून बिल जवळपास १,८०० रुपये होते. यातले निम्मे, म्हणजे ९०० रुपये, सहा घरांत सारखे वाटायचे: प्रत्येकी १५०. कुणी वापरो न वापरो, लाइनचे भाडे लागतेच. उरलेले ९०० रुपये हिश्श्यांवर वाटायचे. आजी-आजोबा दोघेच राहतात अशा घराला एक हिस्सा पुरतो. मुलांचे क्लास आणि घरून काम असेल तर दोन घ्यावेत. तीन घरांनी एकेक आणि तीन घरांनी दोन-दोन घेतले तर हिस्से नऊ होतात आणि एका हिश्श्याला १०० रुपये पडतात. म्हणजे कुणाला २५०, कुणाला ३५०.

हिस्सा नुसता कागदावर राहणार नाही. लाइन ३०० एमबीपीएसची घेतली, तर मुख्य राउटरवर प्रत्येक हिश्श्याला ३० एमबीपीएसची मर्यादा लावता येते. नऊ हिश्श्यांचे २७० होतात, म्हणजे रात्री नऊला सगळे एकदम बसले तरी एकाचा वेग दुसऱ्याने ओढून घेतला असे होत नाही. एचडी व्हिडिओला साधारण ५ एमबीपीएस लागतात, त्यामुळे एका हिश्श्यातही घर आरामात चालते. महिनाभर गावाला गेलो म्हणून वर्गणी कमी होणार नाही, कारण कंपनी आपले बिल कमी करत नाही.

जिन्यात एक राउटर टांगून भागेल, असे समजू नये. काँक्रीटच्या भिंती आणि लोखंडी सेफ्टी दरवाजा ओलांडून आतल्या खोलीत सिग्नल पोहोचता पोहोचता मरतो. म्हणून विजेच्या तारांपासून वेगळ्या पाइपमधून प्रत्येक घरात कॅट-६ केबल जाईल आणि घराचा राउटर, पासवर्ड वेगळा असेल. हा एकरकमी खर्च २५,२०० रुपये धरला, तर सहा घरांना प्रत्येकी ४,२०० येतो. त्याची किंमत तीन वर्षांत समान उतरेल. वर्षानंतर सातवे घर आले तर उरलेल्या १६,८०० चा सातवा भाग, २,४०० रुपये, ते भरेल. त्यातून आधीच्या प्रत्येक घराला ४०० परत मिळतील.

पासवर्ड पाहुण्यांना द्या, पण शेजारच्या इमारतीला नको. २००८ मध्ये अहमदाबाद बॉम्बस्फोटांच्या वेळचा धमकीचा ईमेल नवी मुंबईतल्या एका फ्लॅटच्या असुरक्षित वाय-फायवरून गेला होता, आणि तपास आधी पोहोचला तो जोडणी ज्याच्या नावावर होती त्याच्यापर्यंत. बाहेरून आपली सहाही घरे एकाच आयपी पत्त्यावर दिसतील. म्हणून कोणत्या घराची जोडणी कधी सुरू होती, एवढी नोंद मुख्य राउटरवर ठेवली जाईल. कोण काय पाहतो, याची नाही. अर्जात यालाही संमती द्यायची आहे.

अर्जाचे फॉर्म सचिवांकडे मिळतील. भरलेला फॉर्म आणि चेक सभेच्या आदल्या संध्याकाळपर्यंत त्यांच्याकडेच द्यावा. पाचपेक्षा कमी घरे आली, तर प्रस्ताव रद्द होऊन सर्वांचे चेक परत केले जातील.