ऑप्शन विकणारा नेमकं काय विकतो?

‘बहुतेक ऑप्शन मुदतीअखेर शून्य होतात, म्हणून विकणाराच जिंकतो.’ या एका वाक्यावर दरमहा ठरावीक उत्पन्नाची स्वप्नं विकली जातात. किती वेळा जिंकलो आणि शेवटी हाती किती उरलं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि हे वाक्य दुसऱ्याला हातच घालत नाही. विकणाऱ्याची खरी कमाई असते ती दोन व्होलॅटिलिटींमधल्या, म्हणजे चढउताराच्या दोन मापांमधल्या फरकात.

पहिली हिस्टॉरिकल व्होलॅटिलिटी. गेल्या काही दिवसांतले रोजचे टक्केवारी बदल घ्यायचे, त्यांचं प्रमाण विचलन काढायचं आणि २५२च्या वर्गमुळाने गुणायचं, कारण वर्षात व्यवहाराचे दिवस साधारण तेवढेच असतात. हा झाला घडून गेलेला चढउतार. दुसरी इम्प्लाइड व्होलॅटिलिटी. ऑप्शनची किंमत ठरवणाऱ्या ब्लॅक-शोल्स सूत्रात बाजारभाव, स्ट्राइक म्हणजे करारात ठरलेला भाव, उरलेली मुदत आणि व्याजदर माहीत असतात, पुढचा चढउतार मात्र माहीत नसतो. म्हणून गणित उलटं सोडवतात: ऑप्शन बाजारात ज्या किमतीला विकला जातोय ती सूत्रातून यायची, तर चढउतार किती धरावा लागेल? येणारं उत्तर म्हणजे इम्प्लाइड.

समजा, एका निर्देशांकाची इम्प्लाइड १६ टक्के आहे. २५२चं वर्गमूळ जवळपास १६, म्हणजे बाजाराने दिवसाला सुमारे १ टक्का हालचाल धरली आहे. आता एकाने कॉल म्हणजे ठरलेल्या भावाला घेण्याचा हक्क आणि पुट म्हणजे विकण्याचा हक्क, असे दोन्ही विकले आणि निर्देशांक हलेल तसे फ्युचर्स घेऊन-विकून दिशेचा धोका काढून टाकला. निर्देशांक वर जातो की खाली, याच्याशी त्याला आता देणंघेणं उरत नाही. मुदत सरते तसा ऑप्शन झिजतो आणि ती झीज त्याची कमाई असते. तिला थीटा म्हणतात. उलट, निर्देशांक हलला की त्याला महाग झाल्यावर घ्यावं आणि स्वस्त झाल्यावर विकावं लागतं. हा तोटा गॅमामुळे, म्हणजे निर्देशांक हलेल तसा ऑप्शनचा दिशेचा धोका बदलत जातो त्यामुळे होतो आणि तो हालचालीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. मला या सगळ्या विषयात सर्वांत सुंदर वाटतो तो हा वर्ग.

झिजेतून रोज १०० मिळतात असं धरू. बरोबर १ टक्का हालचाल झाली, तर तोटाही १०० होतो आणि हाती काहीच उरत नाही. अर्धा टक्का हालचालीत तोटा फक्त २५ असतो, म्हणून ७५ उरतात. २ टक्क्यांना मात्र तोटा ४०० होतो आणि ४ टक्क्यांना थेट १६००.

आता वीस दिवस रोज पाऊण टक्का हालचाल झाली, म्हणजे प्रत्यक्ष व्होलॅटिलिटी १२ टक्के राहिली. रोजचा तोटा सुमारे ५६, शिल्लक ४४, वीस दिवसांत ८७५ जमा. एकविसाव्या दिवशी ४ टक्क्यांची उडी आली की एका दिवसात १५०० जातात. वीस दिवस जिंकूनही हिशेब वजा ६२५. एकवीस दिवसांची प्रत्यक्ष व्होलॅटिलिटी आता १८ टक्क्यांवर गेलेली असते आणि विकणाऱ्याने ती १६ला विकलेली होती. (प्रत्यक्षात भाव स्ट्राइकपासून दूर गेला की गॅमाही बदलतो, त्यामुळे आकडे इतके नेमके येत नाहीत.)

असा दिवस ५ फेब्रुवारी २०१८ला आला. एस अँड पी ५०० सुमारे ४.१ टक्के पडला आणि त्याची इम्प्लाइड मोजणारा व्हिक्स १७ वरून ३७ वर गेला. व्हिक्सचे फ्युचर्स विकलेल्या स्थितीवर चालणाऱ्या ‘एक्सआयव्ही’ नोटेचं ९० टक्क्यांहून अधिक मूल्य त्याच दिवशी गेलं आणि ती बंद करावी लागली. विकलेले फ्युचर्स दिवसअखेर परत विकत घेणं तिच्या रचनेतच होतं, आणि ते नेमके भाव चढत असताना घ्यावे लागले.

तरीही दीर्घकाळात निर्देशांकांच्या ऑप्शनमध्ये इम्प्लाइड ही नंतर घडलेल्या चढउतारापेक्षा सरासरीने जास्त राहिली आहे. हाच व्होलॅटिलिटी रिस्क प्रीमियम. बाजार कोसळतो तेव्हाच चढउतार भडकतो, आणि पुट घेणाऱ्याला पैसे मिळतात तेही त्याच वेळी, बाकीची गुंतवणूक बुडत असताना. अशा पैशासाठी लोक हिशेबापेक्षा थोडं जास्त मोजतात. विकणाऱ्याला ते जास्तीचे पैसे नेमक्या त्याच वाईट दिवसाचा धोका उचलण्यासाठी मिळतात.

हा प्रीमियम मोजताना एक चूक सर्रास होते: आजच्या इम्प्लाइडमधून गेल्या वीस दिवसांची हिस्टॉरिकल वजा करायची. आजची इम्प्लाइड पुढच्या दिवसांबद्दल बोलते, म्हणून तिची तुलना त्याच पुढच्या दिवसांत घडलेल्या चढउताराशी हवी, आणि तो मुदत संपल्यावरच कळतो. शिवाय वीस दिवसांच्या खिडकीत ४ टक्क्यांचा एक दिवस असेल, तर तो बाहेर पडताच हिस्टॉरिकल एका रात्रीत घसरते आणि फरक एकदम रुंद दिसू लागतो. बाजारात त्या दिवशी काहीच घडलेलं नसतं. आलेखात अशी सरळसोट घसरण दिसली, तर वीस दिवस मागची तारीख पाहावी.