फोटोतून आलेल्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये नग, दर आणि किंमत यांचा मेळ कसा घ्यावा

दुकानातील किंवा गोदामातील माल बँकेकडे नजरगहाण ठेवून ज्या व्यापाऱ्याने कॅश क्रेडिट खाते घेतले आहे, त्याला मंजुरीपत्रात ठरलेल्या मुदतीने, बहुधा दर महिन्याला, शिल्लक मालाचे स्टॉक स्टेटमेंट शाखेला द्यावे लागते. त्यातील मालाच्या किमतीवरून खात्याची उचल मर्यादा, म्हणजेच ड्रॉइंग पॉवर, ठरते. मंजूर मर्यादा कितीही असली तरी ती आणि उचल मर्यादा यांपैकी जी कमी असेल तेवढीच रक्कम वापरता येते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार उचल मर्यादा ज्या स्टेटमेंटवरून काढली जाते ते तीन महिन्यांपेक्षा जुने असता कामा नये. त्याहून जुन्या स्टेटमेंटच्या आधारावर उभी असलेली बाकी अनियमित समजली जाते, आणि अशी अनियमितता सलग ९० दिवस राहिली तर व्यवसाय सुरळीत चालू असला तरी खाते अनुत्पादक ठरते. त्यामुळे महिनाअखेरीला घाई होते, हस्तलिखित पत्रकाचे मोबाईलवर फोटो काढून ते शाखेला पाठवले जातात आणि सही-शिक्क्याची मूळ प्रत मागाहून पोहोचते. ही माहिती अशा फोटोतील पत्रकाच्या तपासणीविषयी आहे. ती पत्रक पाठवणाऱ्या व्यापाऱ्याला आणि त्याच्या हिशेबनिसाला जितकी लागू आहे तितकीच शाखेत ते उतरवून घेणाऱ्यालाही आहे.

पाठवण्यापूर्वी काय हाताशी असावे

बँकेच्या नमुन्यातील पत्रकावर माल कोणत्या तारखेअखेरचा आहे ती तारीख, माल ठेवल्याचे ठिकाण, अधिकृत व्यक्तीची सही आणि शिक्का असावा लागतो. त्यासोबत ज्यांच्याकडून माल उधारीवर आणला त्यांच्या देण्यांची यादी आणि येणे रकमेवरही उचल मिळत असेल तर वयोमानानुसार येणेकऱ्यांची यादी द्यावी. मालाच्या विम्याची चालू पॉलिसी खात्याच्या कागदपत्रांत आहे याचीही खात्री करावी. मेळ घेण्यासाठी या कागदांशिवाय साठा नोंदवही आणि शेवटच्या खरेदीची बिले जवळ हवीत, कारण फोटोतील शंका फोटो मोठा करून पाहिल्याने क्वचितच मिटते, ती बिल पाहिल्यानेच मिटते. दर खरेदी किमतीचा असावा आणि बाजारभाव त्याहून खाली गेला असेल तर तो कमी दर धरावा. विक्रीचा दर येथे चालत नाही. ज्या जीएसटीची वजावट घेतली आहे तो कर दरात मिळवू नये.

फोटो प्रत्येक पानाचा वेगळा, वरून सरळ धरून आणि उजेडात काढावा. रकान्यांची शीर्षके आणि तळाची बेरीज एकाच चौकटीत आली पाहिजेत. शीर्षक कापले गेले तर दर क्विंटलचा आहे की किलोचा हे वाचणाऱ्याला कळत नाही, आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे सर्वांत महागडी चूक तिथेच होते. पान तिरपे आले तर एका ओळीचा दर शेजारच्या ओळीच्या मालासमोर वाचला जातो. व्हॉट्सअॅपवर नेहमीच्या फोटोची प्रत बारीक होते, म्हणून तो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा.

एक पान, पाच ओळी

समजा, एका भुसार व्यापाऱ्याच्या गोदामाचे पुढील पान आले आहे. आकडे उदाहरणासाठी घेतलेले आहेत.

| माल | परिमाण | दर रु. | किंमत रु. |
|---|---|---|---|
| तूरडाळ | ८४ क्विंटल | ११,२५० | ९,४५,००० |
| हरभरा डाळ | ६२ क्विंटल | ७,८५० | ४,८७,६०० |
| साखर | १५० पोती | ३,९८० | ५,९७,००० |
| सोयाबीन तेल | २१० डबे | २,९४० | ४,४९,४०० |
| गूळ | ३८.४० क्विंटल | ४,३५० | १,६७,०४० |
| एकूण | | | २६,४६,०४० |

फोटोत दिसले तसेच आकडे, काहीही न सुधारता, आधी तक्त्यात उतरवून घ्यावेत. परिमाण, दर आणि किंमत अनुक्रमे `B`, `C` आणि `D` रकान्यांत असतील तर पुढील सूत्र प्रत्येक ओळीतील फरक देते.

```
=ROUND(B2*C2-D2,2)
```

तूरडाळ आणि गूळ या ओळींत फरक शून्य येतो. गुळाच्या ओळीत मात्र दशांशचिन्हाचा ठिपका फोटोत दिसला नसता तर परिमाण ३,८४० वाचले गेले असते आणि गुणाकार लिहिलेल्या किमतीच्या बरोबर शंभरपट आला असता. दहापट किंवा शंभरपट फरक दिसला की आधी ठिपका शोधावा.

तेलाच्या ओळीत २१० गुणिले २,९४० म्हणजे ६,१७,४०० येतात, तर किंमत ४,४९,४०० लिहिली आहे. फरक १,६८,००० आहे. अशा वेळी फरकाला परिमाणाने भागून पाहावे. येथे २१० ने भागल्यावर बरोबर ८०० येतात, काहीही उरत नाही. याचा अर्थ दोष बहुधा दरात आहे आणि तो ८०० रुपयांचा आहे. २,९४० मधून ८०० वजा केले की २,१४० उरतात, आणि देवनागरीत घाईने लिहिलेला १ हा ९ सारखा दिसतो हे लक्षात घेतले की उलगडा होतो. फरकाला दराने पूर्ण भाग गेला असता तर संशय परिमाणावर गेला असता. ही चूक वाचणाऱ्याची आहे, लिहिणाऱ्याची नाही. बिलावर २,१४० हाच दर असल्याची खात्री करून उतारा दुरुस्त करावा, व्यापाऱ्याकडून नवे पत्रक मागण्याचे कारण नाही.

हरभरा डाळीच्या ओळीत गुणाकार ४,८६,७०० येतो आणि लिहिले आहे ४,८७,६००. फरक ९०० आहे, त्याला नऊने पूर्ण भाग जातो, आणि दोन शेजारचे अंक, ६ आणि ७, उलटे पडल्याची ती खूण आहे. येथे एक सावधगिरी सांगणे मला आवश्यक वाटते. अनेक जुने जाणते हिशेबनीस अजूनही शाळेत शिकलेला नऊचा ताळा घेतात, म्हणजे अंकांची बेरीज एका अंकावर आणून गुणाकार पडताळतात. ६२ चा ताळा ८, ७,८५० चा २, त्यांच्या गुणाकाराचा म्हणजे १६ चा ७. आता ४,८६,७०० चा ताळा ७ येतो, पण चुकीच्या ४,८७,६०० चाही ७ च येतो, कारण अंक तेच आहेत, केवळ जागा बदललेल्या आहेत. शून्य वाढले किंवा दशांशचिन्ह गेले तरी ताळा बदलत नाही. स्टॉक स्टेटमेंटमध्ये सर्वाधिक होणाऱ्या चुका नेमक्या याच दोन प्रकारच्या असल्यामुळे ताळा जुळला एवढ्यावर ओळ सोडून देऊ नये, पूर्ण गुणाकार करावा. येथे चूक लिहिणाऱ्याची आहे, म्हणून दुरुस्तीही त्यानेच करावयाची आहे.

राहिली साखर. १५० गुणिले ३,९८० म्हणजे ५,९७,०००, फरक शून्य. सूत्राच्या दृष्टीने ही ओळ निर्दोष आहे आणि तरीही पानातील सर्वांत मोठी चूक हीच आहे. परिमाण पोत्यांत आहे, तर ३,९८० हा क्विंटलचा दर आहे. पोते ५० किलोचे असेल तर १५० पोती म्हणजे ७५ क्विंटल आणि खरी किंमत २,९८,५००. गुणाकार जुळतो तेव्हा दोन संख्यांचा मेळ सिद्ध होतो, त्या दोन्ही संख्या एकाच एककाच्या आहेत हे सिद्ध होत नाही. म्हणून प्रत्येक ओळीत दराला स्वतंत्र प्रश्न विचारावा लागतो: एका पोत्याला, एका डब्याला, एका डझनाला हा भाव बाजारात शक्य आहे का? ५० किलोचे साखरेचे पोते ३,९८० रुपयांना म्हणजे किलोला जवळजवळ ८० रुपये होतात, आणि हा भाव गेल्या महिन्याच्या पत्रकातील दराशेजारी ठेवला की लगेच खटकतो. लोखंड टनात आणि दर किलोचा, खिळे पेटीत आणि दर नगाचा, अशा जोड्या असलेल्या प्रत्येक धंद्यात हा धोका आहे.

किती फरक सोडून द्यावा

संगणकावरील हिशेबातून छापलेल्या पत्रकात सरासरी दर दोन दशांश स्थळांपर्यंतच छापला जातो, म्हणून थोडा फरक दोष नसतानाही येतो. १,२०० नगांची किंमत ४१,००० असेल तर दर ३४.१७ छापला जाईल आणि गुणाकार ४१,००४ येईल. प्रत्येक नगामागे जास्तीत जास्त अर्धा पैसा इकडेतिकडे होऊ शकतो, तेव्हा १,२०० नगांवर सहा रुपयांपर्यंतचा फरक मान्य करता येतो. सरसकट शंभर रुपयांची सूट ठेवणे मला योग्य वाटत नाही, कारण ५ नगांच्या ओळीत शंभराचा फरक ही निश्चित चूक असते.

दुरुस्ती आणि तिचा खात्यावर परिणाम

वरील पानाची खरी बेरीज २३,४६,६४० आहे, म्हणजे लिहिलेल्या बेरजेपेक्षा २,९९,४०० ने कमी. देणी ६,००,००० आणि दुरावा, म्हणजे मार्जिन, २५ टक्के धरला तर मूळ पत्रकावरून उचल मर्यादा १५,३४,५३० निघते आणि दुरुस्त पत्रकावरून १३,०९,९८०. खात्याची मंजूर मर्यादा १५ लाख आणि बाकी १४,२०,००० असेल तर मूळ पत्रकानुसार सारे ठीक दिसते, प्रत्यक्षात मात्र खाते १,१०,०२० रुपयांनी मर्यादेबाहेर गेलेले असते. ही रक्कम व्यापाऱ्याला भरावी लागेल, आणि ती त्याला त्याच आठवड्यात कळणे हे तीन महिन्यांनी साठा तपासनिसाकडून कळण्यापेक्षा कितीतरी बरे.

शाखेतील कोणीही पत्रकावरील आकडा स्वतःच्या पेनाने बदलू नये, तो हेतू चांगला असला तरी. व्यापाऱ्याने त्याच अखेर तारखेचे, वर ‘सुधारित’ असे लिहिलेले पत्रक सही-शिक्क्यासह द्यावे. मूळ प्रतीवरच दुरुस्ती करायची झाली तर चुकीच्या आकड्यावर एकच रेघ मारून, तो वाचता येईल असा ठेवून, शेजारी बरोबर आकडा आणि सही करावी. पहिला फोटो पुसून टाकू नये, तो सुधारित पत्रकासोबत ठेवावा. कर्जदार कंपनी असेल तर याला आणखी एक कारण आहे. चालू मालमत्तेच्या तारणावर कर्ज घेतलेल्या कंपनीने बँकेला दिलेली तिमाही पत्रके वहीखात्यांशी जुळतात की नाही हे २०२१-२२ पासून वार्षिक हिशेबपत्रकांत सांगावे लागते, आणि एकूण मंजूर खेळते भांडवल ५ कोटी रुपयांहून अधिक असल्यास लेखापरीक्षकालाही त्यावर अभिप्राय द्यावा लागतो. साखरेच्या ओळीतील २,९८,५०० रुपयांचा फरक कोठून आला हे मार्चनंतर विचारले जाईल, तेव्हा तो फोटो आणि सुधारित पत्रक ही दोनच कागदपत्रे त्याचे उत्तर देऊ शकतील.