वीस टक्के भागिले तीन वर्षं: हा हिशेब का चुकतो

"दादा, गुंतवलेल्या लाखाचे तीन वर्षांत एक लाख वीस हजार झाले, म्हणजे वर्षाला साडेसहा-पावणेसात टक्केच ना? त्यापेक्षा सोसायटीतली ठेव बरी." (खानापूरहून)

नाही, काकू. पैसे कधी गेले ते बघा. 10,000 रुपये 1 एप्रिल 2022 ला, उरलेले 90,000 थेट 1 एप्रिल 2024 ला. बहुतेक रक्कम एकच वर्ष राबली! सरासरी खरेदी किमतीत तारखा नसतात, एक्सेलमधलं वार्षिक परतावा काढणारं सूत्र XIRR त्या धरतं. एक्सेलच्या शीटमध्ये दुसऱ्या ओळीपासून A रकान्यात तारखा, B मध्ये दोन्ही खरेद्या उणे चिन्हाने आणि शेवटच्या ओळीत 1 एप्रिल 2025 चं मूल्य, 120000, उणे चिन्हाशिवाय लिहा.

```
=XIRR(B2:B4,A2:A4)
```

उत्तर जवळपास 16 टक्के येतं. उणे चिन्ह विसरलात तर `#NUM!` दिसेल. मात्र अलीकडच्या खरेदीवर हा आकडा धरू नका; तीन महिन्यांतली 5 टक्के वाढ तो वर्षाला साडेएकवीसच्या आसपास दाखवतो.