ओएसपीएफ एरिया

ओएसपीएफ (ओपन शॉर्टेस्ट पाथ फर्स्ट) या राउटिंग प्रोटोकॉलमध्ये मोठ्या नेटवर्कचे जे भाग पाडतात, त्यांतील प्रत्येक भागाला एरिया म्हणतात. एखाद्या लिंकची अवस्था बदलल्याची बातमी सगळ्या नेटवर्कभर पसरू नये, ती शक्यतो आपल्या एरियातच विरावी, हा या विभागणीचा मुख्य हेतू. प्रोटोकॉलचे सध्याचे आयपीव्ही४ रूप जॉन मॉय यांनी लिहिलेल्या आरएफसी २३२८ मध्ये (१९९८) दिले आहे.

ओएसपीएफमध्ये राउटर एकमेकांना तयार मार्ग सांगत नाहीत. प्रत्येक राउटर ‘माझ्या लिंक अमुक, त्यांची कॉस्ट तमुक’ एवढेच एका छोट्या नोंदीत सांगतो. या नोंदीला एलएसए म्हणतात. शेजाऱ्याकडून नवी एलएसए आली की राउटर ती जपून ठेवतो आणि ज्या बाजूने आली ती सोडून बाकी सर्व शेजाऱ्यांकडे पाठवतो. याला फ्लडिंग म्हणतात. अशा रीतीने सर्वांकडे हुबेहूब एकच नकाशा तयार होतो आणि त्यावर डायक्स्ट्रांची पद्धत चालवून जो तो आपले सर्वांत कमी कॉस्टचे मार्ग काढतो. या हिशेबाला एसपीएफ म्हणतात.

नकाशा सर्वांचा एकच असला पाहिजे, ही अट या प्रोटोकॉलचे बळ आहे आणि तिचीच किंमतही मोजावी लागते. समजा एकाच एरियात ३०० राउटर आणि ६०० लिंक आहेत. त्यांतली एक लिंक तुटली. तिच्या दोन्ही टोकांचे राउटर आपापली नवी एलएसए काढतात. प्रत्येक एलएसए प्रत्येक चालू लिंकवरून निदान एकदा जाते, म्हणजे एका तुटण्यापायी सुमारे १,२०० प्रती फिरतात. पोचपावत्या वेगळ्याच. लिंक पुन्हा जोडली गेली की तेवढ्याच प्रती परत, आणि दोन्ही वेळा ३०० राउटरांना एसपीएफ चालवावे लागते. एखाद्या सैल केबलमुळे लिंक दर काही सेकंदांनी पडत-उठत राहिली, तर तिच्याशी काडीचा संबंध नसलेले राउटरही त्या कामात गुंततात. एकच राउटर आपली तीच एलएसए ५ सेकंदांच्या आत पुन्हा काढू शकत नाही. या मर्यादेने वेग आवरतो, पण विस्तार आवरत नाही.

एरिया पाडले की नकाशा एरियापुरता उरतो. दोन एरियांच्या सीमेवरच्या राउटरला एबीआर म्हणतात आणि तो प्रत्येक एरियाचा वेगळा नकाशा ठेवतो. वरच्या उदाहरणातली तुटलेली लिंक ६० राउटर आणि ११० लिंकच्या एरिया १ मध्ये असेल, तर राउटरांच्या त्या दोन एलएसए एबीआरपाशी थांबतात. प्रती २२० च्या आसपास, आणि पूर्ण एसपीएफ ६० राउटरांवर.

इथे एक मोठा गैरसमज होतो. एरिया पाडला की बाहेर शांतता, असे मानले जाते आणि ते खरे नाही. एबीआर नकाशा अडवतो, पत्ते अडवत नाही. आतल्या प्रत्येक पत्त्यासाठी तो बाहेर एक सारांश-नोंद, म्हणजे प्रकार ३ ची एलएसए काढतो: ‘हा पत्ता माझ्यामार्फत, इतक्या कॉस्टला.’ आतली महत्त्वाची लिंक तुटली आणि तिच्यामुळे ४० पत्त्यांचे अंतर बदलले, तर एबीआरला ४० सारांश-नोंदी नव्याने काढाव्या लागतात. त्या बॅकबोनमध्ये, म्हणजे बाकी सर्व एरियांना जोडणाऱ्या मधल्या एरियात पसरतात, पलीकडचे एबीआर त्यांवरून आपल्या एरियांसाठी पुन्हा नोंदी काढतात. बाहेरच्या राउटरांना पूर्ण एसपीएफ करावे लागत नाही, फक्त त्या पत्त्यांचे मार्ग तपासावे लागतात. पण आत ज्याच्या दोनच नोंदी होत्या, त्याच्या बाहेर चाळीस झाल्या.

फ्लडिंग खऱ्या अर्थाने अडते ते पत्ते एकत्र केल्यावर. एरिया १ मधले सगळे पत्ते 10.1.0.0/16 मध्ये बसतील असे आधीच नेमले असतील, तर एबीआरवर हे पुरते:

```
router ospf 1
 network 10.0.0.0 0.0.255.255 area 0
 network 10.1.0.0 0.0.255.255 area 1
 area 1 range 10.1.0.0 255.255.0.0 cost 100
```

आता बाहेर एकच नोंद जाते आणि आतला एक जरी पत्ता जिवंत असला तरी ती टिकते. शेवटचे `cost 100` मुद्दाम दिले आहे. ते नसेल तर गटाची कॉस्ट आतल्या पत्त्यांच्या कॉस्टवरून ठरते. आरएफसी २३२८ प्रमाणे सर्वांत मोठी, आधीच्या आरएफसी १५८३ च्या नियमाने सर्वांत लहान. ज्या पत्त्यावरून ती ठरते नेमका तोच पडत-उठत असेल, तर गटाची कॉस्टही हलते आणि अडवलेली बातमी या फटीतून बाहेर जाते. अर्थात पत्ते विस्कळीत वाटलेले असतील तर `range` लावायला जागाच राहत नाही. म्हणून एरियांची आखणी ही आधी पत्त्यांची आखणी असते.

माहिती लपवण्याची किंमतही आहे. एरिया १ ला अ आणि ब असे दोन एबीआर आहेत आणि आतल्या बिघाडाने एरियाचे दोन तुकडे झाले, असे समजा. 10.1.200.0 चा पत्ता ब च्या तुकड्यात गेला. दोघेही अजून 10.1.0.0/16 जाहीर करत आहेत, म्हणून अ जवळ असलेल्यांची रहदारी अ कडे येते. अ ला तिथे जायचा मार्ग नाही आणि ती तिथेच टाकून दिली जाते. पत्ते एकत्र केले नसते, तर 10.1.200.0 फक्त ब ने जाहीर केला असता आणि रहदारी बॅकबोनवरून योग्य जागी गेली असती. यावर उपाय म्हणजे अ आणि ब यांच्यात एरिया १ मध्येच धरलेली एक थेट लिंक ठेवणे.

सर्व एरिया एरिया ० ला, म्हणजे बॅकबोनला जोडलेले हवेत, हा नियमही याच सारांशातून येतो. एरियाच्या आत नकाशा असल्याने मार्ग गोल फिरत नाही. एरियांच्या दरम्यान मात्र फक्त ऐकीव अंतर असते आणि ऐकीव अंतरांवर चालणारे राउटर एकमेकांकडे बोट दाखवत राहू शकतात. म्हणून बॅकबोनला जोडलेला एबीआर केवळ बॅकबोनमधून आलेल्या सारांश-नोंदी विचारात घेतो. जोडणी शक्य नसेल तर व्हर्च्युअल लिंक वापरता येते, पण ती मधल्या एरियावर विसंबते आणि कायमची व्यवस्था म्हणून ठेवू नये.

ओएसपीएफबाहेरून आणलेल्या मार्गांच्या नोंदी, म्हणजे प्रकार ५ च्या एलएसए, साध्या एरियाच्या सीमेवर अडत नाहीत. त्या नको असतील तर एरिया ‘स्टब’ करावा लागतो. मग एबीआर त्यांच्याऐवजी आत एकच डिफॉल्ट मार्ग देतो.

भिंत टिकली आहे की नाही, हे सिस्कोच्या राउटरवर `show ip ospf` ने दिसते. एरिया १ मध्ये लिंक पडत-उठत असताना तिथला `SPF algorithm executed` हा आकडा वाढत जाईल, एरिया २ मधला स्थिर राहील. पण एवढ्यावर थांबू नये, कारण सारांश-नोंदींच्या गळतीने हा आकडा हलत नाही. एरिया २ मध्ये `show ip ospf database summary` देऊन नोंदींचे वय पाहावे. शांत नोंद ३० मिनिटांनीच नव्याने येते, म्हणून तिचे वय १,८०० सेकंदांपर्यंत चढत जाते. एखाद्या नोंदीचे वय पुन्हा पुन्हा पाच-दहा सेकंदांवर येत असेल आणि तिचा क्रमांक `0x80000001` पासून फार पुढे गेला असेल, तर त्याच पत्त्याची बातमी सीमा ओलांडत आहे.